एक कोटी पुरतील का? आजच्या खर्चावरून म्हातारपणाची बेरीज

नमस्कार काका,
माझं वय ३४, बायकोचं ३०. हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये आठ वर्षांपासून हिशेबाचं काम करतो. हातात २९,००० येतात, घरखर्च १८,००० आहे. पीएफमध्ये दोन लाख जमलेत. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. तीन एकर कोरडवाहू वावर माझ्या नावावर आहे. विमा एजंट म्हणतो, साठाव्या वर्षी एक कोटी मिळतील अशी पॉलिसी घ्या, आयुष्यभर बघायला नको. पुण्याचा साळा म्हणतो, पाच कोटींशिवाय भागत नाही. माझी आजी ९१ वर्षांची आहे आणि अजून स्वतःच्या हातानं चहा करून पिते, म्हणून काळजी वाटते. महिन्याला सहाएक हजार बाजूला टाकता येतील. मला नेमके किती लागतील?
— एक वाचक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

नमस्कार भाऊ,

एजंटचा आकडा त्याच्या पॉलिसीवरून आला आणि साळ्याचा पुण्यातल्या फ्लॅटवरून. तुमचा आकडा तुमच्या किराण्याच्या वहीतून निघायला हवा. तुम्ही हिशेबनीस आहात, तेव्हा मी सगळी बेरीज उघडी करून दाखवतो. एखादा आकडा पटला नाही तर तेवढाच बदला आणि पुढचं स्वतः मांडा.

आधी तो १८,०००चा आकडा तपासू. हातात २९,००० येतात आणि खर्च १८,००० असेल तर ११,००० उरायला हवेत, पण तुम्ही सहाच म्हणता. मधले पाच हजार कुठं जातात? ते वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चात जातात. दिवाळीचे कपडे, पाव्हण्यांच्या लग्नातले आहेर, कोणाची तेरवी, गाडीचे टायर, पावसाळ्याआधी टिनं बदलणं, आणि मार्चअखेरीस कूलरची मोटर जळणं. एप्रिल ते जून कूलर रात्रंदिवस चालतो तेव्हा विजेचं बिल किती येतं ते तुम्हाला सांगायला नको. असे खर्च महिन्याच्या वहीत बसत नाहीत, म्हणून ते डोळ्याआड राहतात. वर्षाचे ३०,००० धरले तर महिन्याला २,५०० होतात. म्हणजे खरा खर्च २०,५००. उरलेले अडीच हजार बहुधा पोरांसाठी म्हणून बाजूला पडत असतील. तसं असेल तर ते तिकडंच राहू द्या, या हिशेबात आणू नका.

आता यातला म्हातारपणी राहणार नाही असा खर्च काढू. पोरांची फी, शिकवणी, शाळेची गाडी, वह्या-कपडे मिळून ४,५०० धरू. जिनिंगला जायचं पेट्रोल १,५००. दोन्ही वजा केले की १४,५०० उरतात. बहुतेक लोक इथंच थांबतात आणि 'निवृत्तीनंतर खर्च सत्तर टक्क्यांवर येतो' असं म्हणून मोकळे होतात. शहरात घराचा हप्ता संपतो, तिथं ते कदाचित खरं असेल. तुमच्या घराला ना भाडं ना हप्ता, त्यामुळं कमी होण्यासारखं फारसं काही नाही. उलट दोन गोष्टी वाढतात. एक म्हणजे औषधपाणी. बीपी-शुगरच्या गोळ्या, सहा महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी, दवाखान्यात जायची-यायची गाडी, यासाठी दोघांचे आजच्या भावानं २,००० धरा. दुसरी गोष्ट धान्य. आज तूरडाळ वावरातली आहे, ज्वारी-गहू थोडाफार घरचा असेल. साठीनंतर वावर ठेक्यानं दिलं की हे सगळं दुकानातून येणार, त्याचे १,५००. बेरीज पुन्हा १८,०००वरच आली. वर्षाचे २,१६,००० झाले. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे.

हे १८,००० आजचे आहेत. तुम्ही साठीला पोहोचाल तेव्हा २६ वर्षं उलटलेली असतील. महागाई दरसाल सहा टक्के धरली तर ७२ला सहानं भागून बारा येतात, म्हणजे दर बारा वर्षांनी खर्च दुप्पट. ४६व्या वर्षी ३६,०००, ५८व्या वर्षी ७२,००० आणि पुढच्या दोन वर्षांत ८२,०००च्या आसपास. गावात दोघा म्हाताऱ्यांना महिन्याला ब्याऐंशी हजार लागतील हे आज खोटं वाटतं, पण त्यात चैनीचा एक रुपया नाही. आज घरात आहे तीच डाळ, तेच तेल, तोच कूलर.

सहाच टक्के का? रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य चार टक्के आहे आणि दोन ते सहा हा पट्टा तिला चालतो. मी पट्ट्याचं वरचं टोक धरलं, कारण सरकारी सरासरीत जे मोजलं जातं ते आणि म्हातारा माणूस ज्यावर खर्च करतो ते, यांचं प्रमाण सारखं नसतं. औषधं, तपासण्या, गाडीभाडं यांचा वाटा वयाबरोबर वाढत जातो. दहा-बारा वर्षांपूर्वीची किराण्याची वही घरात सापडली तर आजच्या वहीशी लावून पाहा. सगळा खर्च जोडू नका, तेच जिन्नस तेवढ्याच मापानं जोडा. नाहीतर घरातली माणसं वाढल्याचा खर्चही महागाईच्या खात्यात जाईल.

आता किती वर्षांसाठी. लोक सर्रास फसतात ते इथंच. भारतात सरासरी आयुष्य सत्तरीच्या आसपास आहे हे ऐकून 'साठीनंतर दहा वर्षांची सोय केली की झालं' असं वाटतं. पण त्या सरासरीत लहानपणी आणि तरुणपणी गेलेले सगळे येतात. जो साठीला पोहोचला तो सरासरी आणखी अठराएक वर्षं जगतो, आणि ही सरासरी असल्यामुळं बरेच जण त्याही पुढं जातात. तुमच्या आजीबाई त्यातल्याच. शिवाय हा हिशेब एका माणसाचा नाही. तुम्ही साठ वर्षांचे व्हाल तेव्हा तुमच्या घरच्या छप्पन्न वर्षांच्या असतील, आणि बायका पुरुषांपेक्षा सहसा जास्त जगतात. म्हणून पैसा त्यांच्या नव्वदीपर्यंत पुरला पाहिजे. ती चौतीस वर्षं होतात. नोकरीची उरलीत त्यापेक्षा ही वर्षं जास्त आहेत.

तुम्ही फक्त स्वतःच्या ऐंशीपर्यंत, म्हणजे वीस वर्षांचा हिशेब धरला तर आकडा १ कोटी ८० लाखांवर येईल आणि सोपा वाटेल. पण तुम्ही ऐंशीचे व्हाल तेव्हा त्या शहात्तर वर्षांच्या असतील आणि डबा रिकामा असेल. तुमच्या मागं त्या एकट्या राहिल्या तर खर्च निम्मा होईल असंही समजू नका. वीज, टिनं, कूलर एका माणसालाही तेवढंच लागतं. जेवण आणि औषध तेवढं कमी होतं. ती थोडी बचत मी हिशेबात घेतली नाही, आजारपणासाठी राहू दिली.

पुढची पायरी व्याजाची. साठीनंतर जमलेला पैसा घरात पडून राहत नाही. काही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जातो, जिथं सध्या ८.२ टक्के मिळतात पण ३० लाखांच्या वर ठेवता येत नाहीत. काही बँकेच्या मुदत ठेवीत, काही म्युच्युअल फंडात. सगळं मिळून कर जाऊन सात टक्के धरू. आज काही ठिकाणी जास्त मिळतात, पण २६ वर्षांनंतरचे दर आज कोणी लिहून देत नाही. सात टक्के व्याज आणि सहा टक्के महागाई, म्हणजे पैसा खरोखर वाढतो तो वर्षाला एक टक्क्याहून थोडा कमीच. बाकीचं व्याज दिसतं व्याजासारखं, पण ते फक्त डाळीचा वाढलेला भाव भरून काढतं. ज्यांनी सगळं व्याज खर्चायला काढलं आणि मुद्दल तसंच ठेवलं, त्यांची अडचण दहा-बारा वर्षांनी सुरू होते. मुद्दल आकड्यानं तेवढंच असतं, पण त्याचं व्याज तेव्हा जेमतेम निम्म्या महिन्याला पुरतं.

हे सगळं एक्सेलमध्ये दोन ओळींत बसतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मांडून पाहा:

```
=PV(1.07/1.06-1, 34, -216000, 0, 1)
=PV(1.07/1.06-1, 34, -216000, 0, 1) * 1.06^26
```

पहिल्या ओळीचं उत्तर ६३ लाखांच्या वर येईल. आजच्या भावानं तुम्हाला एवढी पुंजी लागते. दुसऱ्या ओळीचं उत्तर सुमारे २ कोटी ८७ लाख. तुम्ही साठ वर्षांचे असताना बँकेच्या पासबुकात तो आकडा असायला हवा. दोन्ही रक्कम एकच आहे, फक्त वर्ष वेगळं. ही गोष्ट मनात पक्की ठेवली की एजंटाशी बोलणं सोपं जातं. त्याचे एक कोटी साठाव्या वर्षीचे आहेत, आजच्या भावानं ते बावीस लाख होतात. साठीला एक कोटी घेऊन बसलात आणि दरवर्षी महागाईनुसार खर्च वाढवत गेलात, तर अकराव्या वर्षी पैसा संपतो. तेव्हा घरच्या ६६ वर्षांच्या असतील. साळ्याचे पाच कोटी त्याच्या खर्चाला बरोबर असतील, त्यात मी पडत नाही.

पण हे २ कोटी ८७ लाख म्हणजे दगडावरची रेघ नाही. व्याज तेवढंच ठेवून महागाई पाच टक्के केली तर आकडा १ कोटी ९५ लाखांवर उतरतो. सात टक्के केली तर ४ कोटी २६ लाखांवर चढतो. एका टक्क्यात एवढा फरक पडतो, कारण तो टक्का आधी २६ वर्षं आणि मग ३४ वर्षं, मिळून साठ वर्षं काम करत असतो. म्हणून आजचा आकडा तंतोतंत बरोबर काढायच्या मागं लागण्यात अर्थ नाही. दर तीन वर्षांनी नव्या खर्चानं तो परत काढावा लागतो.

आता तुमच्याकडं आधीच काय आहे ते वजा करू.

पीएफपासून सुरू करतो. कंपनी १५,००० मूळ पगाराच्या मर्यादेवर भरते असं धरतो, कारण बऱ्याच खाजगी ठिकाणी तसंच असतं. तुमचे बारा टक्के म्हणजे १,८००. मालकाच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, पीएफमध्ये उरलेले ५५०च येतात. महिन्याला २,३५० झाले. २०२४-२५ला व्याज ८.२५ टक्के होतं, मी पुढं आठ धरतो. २६ वर्षांत यातून साडेचोवीस लाख होतात. आणि आज जमलेले दोन लाख? ते नुसते पडून राहिले तर साठीला पावणेपंधरा लाख होतात. एकूण ३९ लाख. तुमची कंपनी पूर्ण मूळ पगारावर भरत असेल तर यापेक्षा चांगलंच.

पण आपल्याकडं पीएफ साठीपर्यंत क्वचितच शाबूत राहतो. घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, बोअर मारणं, नापिकीचं वर्ष, आणि अॅडव्हान्सचा अर्ज लगेच भरला जातो. आज दोन लाख काढणारा दोन लाख काढत नसतो, साठीतले पावणेपंधरा लाख काढत असतो. जिनिंग बदललं तरी जुनं खातं बंद करून पैसे घेऊ नका, त्याच यूएएनवर नव्या ठिकाणी वळते करा. तसं केलं की पेन्शनची सेवाही जोडून राहते.

पेन्शनवर मात्र फार भरवसा ठेवू नका. हिशेब साधा आहे: शेवटच्या साठ महिन्यांचा सरासरी पगार, तोही १५,०००च्या मर्यादेत, गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. तुम्ही २६व्या वर्षी लागलात, ५८पर्यंत ३२ वर्षं होतात. वीस वर्षांवर सेवा झाली म्हणून दोन वर्षं वाढवून मिळतात, ती धरून ३४. १५,००० गुणिले ३४ भागिले ७० म्हणजे ७,२८६ रुपये महिना. ऐकायला बरं वाटतं. पण साठाव्या वर्षी त्या ७,२८६ची किंमत आजच्या १,६०० रुपयांएवढी असेल, आणि ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, पुढं आणखी झिजत जाते. तुमच्या मागं घरच्यांना निम्मी मिळेल. साठीच्या भावानं या सगळ्याची किंमत मी बारा लाख धरतो.

वावराचं काय? तीन एकर विकून म्हातारपण काढायचा हिशेब मी करत नाही. घरात मोठं आजारपण आलं तर तेवढाच एक आधार उरतो, तो तसाच राहू द्या. ठेक्याचे पैसे मात्र मोजू. तुम्ही भाव लिहिला नाही, म्हणून कोरडवाहूला एकरी दहा हजार धरतो. तुमच्या शिवारात वेगळा असेल तर बदलून घ्या. तीन एकरांचे वर्षाला तीस हजार. ठेक्याला पेन्शनपेक्षा एक गोष्ट चांगली आहे. पिकाचा भाव वाढला की ठेकाही मागंपुढं वाढतो. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ला ४,०५० होता आणि २०२५-२६ला ८,११० झाला, म्हणजे अकरा वर्षांत दुप्पट. कागदावर हे महागाईच्या बरोबरीनं चाललं. पण हमीभाव आणि मार्केट यार्डात काट्यावर मिळणारा भाव यांत काय अंतर असतं ते जिनिंगमध्ये बसून तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहता. नापिकीच्या वर्षी ठेकेदार हातावर अर्धेच पैसे ठेवतो हेही पाहता. म्हणून मी तीस हजारांतले पंधराच धरतो. त्यानं साठीच्या आकड्यातून वीस लाख कमी होतात. वावर स्वतः करणार असाल तर ठेका धरू नका आणि वर जोडलेले धान्याचे १,५००ही काढून टाका. एकच वावर दोनदा मोजायचं नाही.

तर २८७ लाखांतून पीएफचे ३९, पेन्शनचे १२, वावराचे २० गेले. उरले २ कोटी १६ लाख.

हे जमवायला महिन्याला किती? म्युच्युअल फंडात, मुख्यतः निर्देशांकाच्या फंडात, इतक्या वर्षांत दहा टक्के धरतो. एजंट तुम्हाला बारा-पंधरा टक्क्यांचे तक्ते दाखवतील, ते मला मान्य नाहीत. दहाची हमीसुद्धा कोणी देत नाही. एकच रक्कम २६ वर्षं भरायची तर पावणेसोळा हजार लागतात, ते तुमच्या पगारात बसत नाही. पण पगार वाढेल तसा हप्ता दरवर्षी सात टक्क्यांनी वाढवला तर सुरुवात साडेआठ हजारांवर येते. तुमच्याकडं सहा आहेत.

हे अडीच हजार कुठून आणायचे यावर बरेच मार्ग सुचतील: जास्त परताव्याच्या मागं लागणं, महागाई कमी धरून आकडा लहान करून घेणं, मुलगा पाहील असं म्हणणं. पहिला धोक्याचा आहे, दुसऱ्यात स्वतःलाच फसवणं आहे, आणि मुलानं पाहिलं तर आनंदच आहे, पण त्याच्या वतीनं आज आकडा लिहू नका. तो चार वर्षांचा आहे हो.

खरा मार्ग वर्षांचा आहे. साठऐवजी चौसष्टला थांबायचं ठरवलं तर काय होतं पाहा. खर्चाची वर्षं ३४वरून ३० होतात. महागाईची वर्षं २६वरून ३० होतात, त्यामुळं एकूण आकडा थोडा वाढतो. वावराचे पैसे वजा जाऊन तो ३ कोटी ३ लाख येतो. पण पीएफ चार वर्षं आणखी वाढून ५५ लाख होतो. पेन्शनचे बारा लाख तसेच धरले तरी कमी पडतात २ कोटी ३६ लाख. आणि ते जमवायला आता तीस वर्षं आहेत. सात टक्के वाढत्या हप्त्यानं सुरुवात ५,७०० रुपयांवर येते. तुमच्या सहा हजारांत बसलं. चार वर्षांनी हप्ता एक तृतीयांशानं उतरला, कारण शेवटच्या चार वर्षांत जमलेल्या पैशावर सगळ्यात जास्त व्याज चढतं आणि त्याच चार वर्षांत त्यातून काही निघत नाही.

तुमचं काम खुर्चीवरचं आहे, पोती उचलायचं नाही. साठीनंतर जिनिंगनं ठेवलं नाही तरी जीएसटीची बिलं, टॅलीच्या नोंदी, कृषी केंद्रांचे हिशेब हे काम तालुक्यात मिळतं. त्यातून घरखर्च भागला आणि पुंजीला चार वर्षं हात लागला नाही तरी बरंच काही साधतं, पीएफचे दोन-चार लाख इकडंतिकडं होतील. वावरात राबणाऱ्याला किंवा हमालाला मी हा सल्ला देणार नाही. त्याचं शरीर पंचावन्नलाच कुरकुरतं, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

त्या पॉलिसीबद्दल दोन शब्द. विमा हवाच, पण मुदतीचा, ज्यात तुम्ही गेलात तरच पैसे मिळतात. त्याचा हप्ता स्वस्त असतो. मोठी पॉलिसी घेतली की सहाचे सहा हजार हप्त्यात जातील, आणि साठीला हातात पडतील आजचे बावीस लाख.

दवाखान्याच्या मोठ्या खर्चासाठी मी वेगळी पुंजी धरली नाही, त्याचं कारण सांगतो. सत्तरीनंतर आयुष्मान कार्डावर उत्पन्न न पाहता पाच लाखांपर्यंतचा भरतीचा खर्च मिळतो, राज्याच्या महात्मा फुले योजनेतही भरतीचंच संरक्षण आहे. या योजना पुढं कशा राहतील ते राहतील. पण दोन्हींतून रोजच्या गोळ्या, बाहेरून आणायची तपासणी, सेवाग्रामला किंवा नागपूरला जायची गाडी, सोबतच्या माणसाचं खाणं, हे मिळत नाही. म्हाताऱ्या माणसाचा पैसा बहुधा त्यातच झिरपतो, म्हणून ते २,००० वर घातले. दोघांपैकी कोणाच्या घराण्यात शुगर असेल तर ३,००० धरा. पहिल्या ओळीत 216000च्या जागी 228000 टाकून पाहा, आजच्या भावानं साडेतीन लाख वाढतात.

मुलीचं शिक्षण, मुलाचं शिक्षण, लग्नं यांचा पैसा या डब्यात नाही आणि या डब्यातून जायलाही नको. पंधरा वर्षांनी म्युच्युअल फंडात मोठी रक्कम दिसेल तेव्हा घरातलं कोणीतरी 'पोरीच्या लग्नाला काढू, मागून भरू' असं म्हणेलच. मागून भरायची वर्षं तेव्हा उरलेली नसतात. शिक्षणासाठी कर्ज मिळतं, म्हातारपणासाठी मिळत नाही. आणि पीएफ, फंड, बँक, सगळीकडं घरच्यांचं नामनिर्देशन आत्ताच करून ठेवा. शेवटची बरीच वर्षं हा पैसा त्या एकट्याच चालवणार आहेत, तेव्हा वहीचा हिशेब त्यांनाही समजावून सांगा.

आपण रुळावर आहोत की नाही हे कसं कळायचं? रुपयांत मोजू नका, महागाईमुळं रुपये नेहमी जास्तच दिसतात. पीएफ आणि फंड मिळून जमलेल्या रकमेला त्या वर्षीच्या खर्चानं भागा. खर्च म्हणजे वर केला तसा, पोरांचा आणि पेट्रोलचा सोडून. ५,७००च्या मार्गानं चाललात तर चाळिसाव्या वर्षी हे उत्तर चारच्या जवळ यायला हवं, पन्नासाव्या वर्षी दहाच्या जवळ. चौसष्टाव्या वर्षी तेवीस-चोवीस आलं की पेन्शन आणि ठेक्याच्या जोडीनं भागतं. चाळिशीला तीनच आलं तर घाबरू नका, पुढच्या दोन पगारवाढी पूर्ण हप्त्यात घाला. पन्नाशीला सातच आलं तर मात्र चौसष्टऐवजी सदुसष्टचा हिशेब मांडून पाहावा लागेल, आणि तो पन्नाशीतच मांडलेला बरा.